चकलीच्या पाकिटावर तारीख चार महिन्यांची आणि तक्रार महिन्यातच : दोष कसा शोधायचा आणि खरी तारीख कशी काढायची

गेली बारा-तेरा वर्षं मी सांगलीत फराळाचं काम करते. या काळात स्वतःच्या आणि ओळखीच्या बचत गटांच्या चकल्यांमध्ये मी एकच दुखणं इतक्यांदा निस्तरलंय की आता फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "मऊ पडली की वास आला?" बहुतेकजणी म्हणतात, "खराब झाली." तेवढ्यावर काही कळत नाही. मऊ पडणं आणि खवट होणं हे दोन वेगळे आजार आहेत. त्यांची कारणं वेगळी, औषधंही वेगळी.

खाली सगळं भाजणीच्या तळलेल्या चकलीबद्दल लिहिलंय. शेव, कडबोळी, शंकरपाळ्या यांनाही ते बरंचसं लागू पडेल. ओल्या पदार्थांना अजिबात नाही. त्यांचं शेवटी सांगते.

आधी लक्षणं नीट बघा

चकली मऊ किंवा चिवट झाली, पण वास चांगला आहे : पाणी शिरलंय, किंवा आतलंच पाणी बाहेर आलंय.

चकली कुरकुरीत आहे, पण पाकीट उघडल्यावर जुन्या तेलाचा, रंगाच्या डब्यासारखा वास येतो आणि घशाशी खवखवतं : तेल हवेतल्या ऑक्सिजनने बिघडलंय.

दोन्ही एकदम : पाकिटात हवा खेळतेय. सील आधी तपासा.

बुरशी, चिकट तार किंवा आंबूस वास : इथे घरगुती तपासण्या करत बसायचं नाही. माल परत बोलवा आणि थेट शेवटच्या भागाकडे या. नीट तळलेल्या कोरड्या चकलीत बुरशीला लागणारं पाणीच नसतं. त्यामुळे ती दिसली तर मोठी गडबड झालीय असंच समजायचं.

तक्रार कुठून आली आणि कोणत्या महिन्यात, हेही लिहून ठेवा. माझी चकली सांगली-मिरजेत दोन महिने टिकायची आणि तीच चिपळूणला जुलैत महिन्याभरात मऊ पडायची. मी आधी दुकानदाराला दोष दिला. दोष माझ्या पाकिटाचा होता, पण सांगलीच्या कोरड्या हवेत तो झाकला जात होता.

पहिली तपासणी, फुकटातली : काचेची बरणी

त्याच घाण्यातल्या दहा-बारा चकल्या पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या, रबरी कड असलेल्या काचेच्या बरणीत भरा आणि आठ दिवस उघडू नका. काचेतून पाणी आत येत नाही. बरणीतलीही चकली मऊ पडली तर पाकीट बदलून उपयोग नाही, दोष तळणीत आहे.

कारण असं : वेढा जाड असेल आणि आच मोठी असेल तर बाहेरून रंग येतो आणि आतला गाभा ओलसर राहतो. पहिल्या दिवशी चकली कुरकुरीत लागते. पुढच्या दोन-चार दिवसांत आतलं पाणी बाहेरच्या थरात पसरतं आणि सगळीच नरमते. गार झालेली चकली जाड टोकाकडून मोडून बघा. आत फिकट, दाबलं तर किंचित लवचीक भाग दिसला तर आच कमी करून वेळ वाढवा. तेलातले बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत चकली काढायची नाही.

याच पायरीवर पाकीट भरण्याची वेळही तपासा. कोमट चकली भरली तर वाफ आतच धरते. उलट रात्रभर परातीत उघडी ठेवली तर पावसाळ्यात ती सकाळपर्यंत हवेतलं पाणी पिऊन बसते. हाताला अजिबात ऊब लागत नाही तेव्हाच भरायची, आणि ते जमणार नसेल तर तोवर झाकणाच्या डब्यात ठेवायची.

दुसरी : बादलीत सील

बरणीतली चकली ठीक राहिली तर पाकिटाकडे वळा. भरलेलं पाकीट पाण्याच्या बादलीत पूर्ण बुडवून दोन्ही तळव्यांनी हळूहळू दाबा. बुडबुड्यांची माळ कुठून येते ते बघा. माझ्या अनुभवात ती दोनच जागांहून येते. एक म्हणजे वरच्या सीलचा कोपरा, आणि दुसरी म्हणजे मागची उभी शिवण आडव्या सीलला जिथे मिळते तो बिंदू, कारण तिथे थर जास्त असतात आणि उष्णता कमी पोचते.

एका घाण्यातली निदान दहा पाकिटं अशी बुडवा. एक जरी फुटकं निघालं तर सील लावण्याआधी पाकिटाच्या तोंडाला आतून कोरडं फडकं फिरवा. चकलीचा चुरा आणि तेलाचा पुसट थर, एवढ्यानेच सील धरत नाही. मशिनचं तापमान त्यानंतर वाढवायचं. अनेकजणी आधी तापमान वाढवतात, मग प्लॅस्टिक आकसतं आणि सुरकुतीतून नवी गळती सुरू होते.

तिसरी : तेल आणि भाजणी

ही वासाच्या तक्रारीसाठी. चकलीत वजनाने जवळपास तिसरा हिस्सा तेल असतं, म्हणून चकलीचं आयुष्य हे बऱ्याच अंशी त्या तेलाचं आयुष्य असतं. कढईतलं तेल आटलं की वर नवं ओतायचं आणि जुनं कधीच काढायचं नाही, ही आपली जुनी सवय. पण बिघडलेलं तेल नव्याला विरजणासारखं बिघडवतं.

पडताळा सोपा आहे. एकाच भिजवलेल्या पिठाचे दोन भाग करा. अर्ध्या चकल्या नव्या तेलात तळा, अर्ध्या तुमच्या रोजच्या तेलात. सारख्या पाकिटांत भरून दोन्ही तीन आठवडे एकत्र ठेवा. वासात फरक पडला तर उत्तर मिळालं. तेल फेसाळायला लागलं, नेहमीपेक्षा लवकर धुरावलं किंवा कढईच्या काठावर चिकट थर धरू लागला तर ते काढायचंच. तेल तापून बिघडताना त्यात जी पोलर संयुगं तयार होतात त्यांच्यावर २५ टक्क्यांची कायदेशीर मर्यादा आहे आणि ते मोजायचं हातातलं मीटरही मिळतं. पण ती मर्यादा तेल वापरण्यालायक आहे का एवढंच सांगते. त्यात तळलेली चकली दोन महिने टिकेल असं ती सांगत नाही.

तेलाचा प्रकारही महत्त्वाचा. सूर्यफुलाचं तेल पामोलिनपेक्षा लवकर खवट होतं. आणि जुनी पितळी सोऱ्या वापरत असाल तर ती लखलखीत ठेवा. तांब्याचा अंश तेलाचं खवटणं वेगाने वाढवतो, मग सोऱ्याला हिरवट कळा आलेली असेल तर बघायलाच नको. मी स्टीलची घेतली. सासूबाईंना अजून पटलेलं नाही.

भाजणीचा डबाही हुंगा. पिठालाच जुनाट वास असेल तर पुढचं सगळं वाया.

चौथी : मिठाचा डबा

इथपर्यंत खर्च शून्य होता. आता ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा लागेल. पाकीट किती पाणी आत येऊ देतं हे या तपासणीतून आकड्यात कळतं, आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी तपासणी हीच.

मोठा हवाबंद प्लॅस्टिकचा डबा घ्या. एका पसरट वाटीत साधं मीठ घालून ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घाला आणि वाटी डब्यात ठेवा. मीठ पूर्ण विरघळता कामा नये. अशा ओल्या मिठावरची बंद हवा आपोआप ७५ टक्के आर्द्रतेवर स्थिर राहते. थंडीत सांगलीत बसूनही तुम्हाला पावसाळी हवा मिळते, आणि दर वेळी तीच मिळते.

आधी बशीत ५० ग्रॅम सुट्या चकल्या त्या डब्यात ठेवा. दर काही तासांनी वजन करा आणि एक तुकडा मोडून बघा. (चाखण्याचे तुकडे वेगळ्या बशीत ठेवा, नाहीतर वजनाचा हिशोब चुकतो. मी पहिल्यांदा हाच घोळ घातला होता.) 'आता ही गिऱ्हाइकाला देणार नाही' असं ज्या क्षणी वाटेल तेव्हाचं वजन लिहा. माझ्या चकलीला ते ५१.५ ग्रॅमला वाटलं. म्हणजे ५० ग्रॅमला दीड ग्रॅम पाणी, आणि २०० ग्रॅमच्या पाकिटाला ६ ग्रॅम. ही झाली हद्द.

मग भरलेली तीन पाकिटं त्याच डब्यात ठेवा आणि आठवड्याला वजन करा. माझी जुनी पातळ पारदर्शक पाकिटं आठवड्याला सरासरी १ ग्रॅम पाणी आत घेत होती. सहा ग्रॅमला सहा आठवडे, म्हणजे ४२ दिवस. हे ७५ टक्के आर्द्रतेला. पावसाळ्यातल्या कोकणात ती ९०च्या आसपास जाते. पाकिटाच्या आतली हवा साधारण २५ टक्क्यांवर धरली तर पाणी आत ढकलणारा फरक ५० वरून ६५ होतो, म्हणजे वेग १.३ पट. ४२ दिवसांचे ३२ झाले. चिपळूणच्या दुकानदाराचा 'महिनाभर' हा शब्द किती नेमका होता ते मला तेव्हा कळलं. आणि पाकिटावर मी छापलं होतं १२० दिवस! ते कुठून आणलं होतं? एका मोठ्या कंपनीच्या पाकिटावरून. त्यांच्या पाकिटाला आतून चंदेरी थर असतो आणि हवा काढून नायट्रोजन भरलेला असतो. त्यांची तारीख त्या सगळ्या व्यवस्थेची असते, नुसत्या चकलीची नसते.

चंदेरी, म्हणजे मेटलाइज्ड पाकिटात हीच चकली भरून पुन्हा डब्यात ठेवली. आठवड्याला ०.२ ग्रॅम. हा आकडा काट्याच्या चुकीत सहज हरवतो, म्हणून चार आठवड्यांनी एकदम मोजा, तीन पाकिटांची सरासरी घ्या आणि दर वेळी आधी एक ठरलेली स्टीलची वाटी मोजून काटा सरकला नाही ना ते बघा. हिशोबाने ३० आठवडे आले. मी खूश झाले. चुकले होते.

पाचवी : ठेवलेली पाकिटं आणि सहा नाकं

मिठाचा डबा फक्त पाण्याबद्दल सांगतो. चकली ३० आठवडे कुरकुरीत राहील म्हणजे खाण्याजोगी राहील असं नाही. तेल त्याच्या वेगाने बिघडत असतं, आणि ते कळायला वेळ देण्याला पर्याय नाही.

वेगवेगळ्या दिवशी तळलेले तीन घाणे निवडा. मुद्दाम चांगले निवडू नका. प्रत्येकातली निदान वीस-बावीस विक्रीचीच पाकिटं बाजूला काढा आणि दुकानात असतात तशीच ठेवा : फडताळात, फ्रिजबाहेर. शक्यतो ही चाचणी एप्रिल-मे धरून करा, कारण उन्हाळ्यात तेल सगळ्यात लवकर खवटतं. दर आठवड्याला प्रत्येक घाण्याचं एक नवं पाकीट उघडायचं. उघडलेलं पाकीट पुन्हा चाचणीत घ्यायचं नाही.

चाखताना 'कशी वाटते?' असं विचारू नका. घरचे 'छान' म्हणतात. प्रत्येकासमोर तीन वाट्या ठेवा. दोनमध्ये त्याच आठवड्यात तळलेली ताजी चकली आणि एकात जुनी, किंवा उलट. वेगळी वाटी कोणती, एवढंच विचारायचं. वाट्यांची जागा प्रत्येकासाठी बदला. नुसत्या अंदाजाने तिघांत एकाचं उत्तर बरोबर येतंच, म्हणून सहाजणांत दोघांनी ओळखलं तर त्याला अर्थ नाही. सहापैकी पाच बरोबर आले की फरक खरा आहे. मग जुन्या चकलीची वाटी दाखवून पुढचा प्रश्न : ही विकत घ्याल का?

माझ्या तीन घाण्यांत फरक नवव्या आठवड्यापासून ओळखू यायला लागला. 'घेणार नाही' हे उत्तर एका घाण्याला बाराव्या आठवड्यात आलं, बाकी दोघांना चौदाव्या आणि पंधराव्यात. सरासरी काढायची नाही. सगळ्यात वाईट घाणा धरायचा, आणि त्यातही शेवटची चांगली तपासणी : अकरावा आठवडा, म्हणजे ७७ दिवस. गिऱ्हाईक पाकीट गाडीत उन्हात ठेवतो, दुकानदार पत्र्याच्या शेडमध्ये, म्हणून त्याचे तीन-चतुर्थांश केले. जवळपास ५८ आले. मी ५५ छापते.

पाण्याचा हिशोब ३० आठवड्यांचा होता आणि तेलाचा ११ आठवड्यांचा. छापायचा तो लहान आकडा, नेहमीच.

घाई असेल तर पाकिटं गरम कपाटात, जुन्या पद्धतीचा बल्ब लावून ४० अंशांवर ठेवायची युक्ती आहे. दहा अंश वाढले की बिघडण्याचा वेग साधारण दुप्पट होतो असं धरतात. नवं तेल बरं की जुनं, हे पाकीट बरं की ते, अशा तुलनेसाठी मी ती वापरते. छापायची तारीख तिच्यावरून काढत नाही, कारण 'साधारण दुप्पट' हा आकडा पदार्थागणिक बदलतो आणि चूक झाली तर ती गुणाकाराने वाढते.

तारीख छापताना होणाऱ्या चुका

दिवस तळल्यापासून मोजायचे, पाकीट भरल्यापासून नाही. सोमवारी तळून डब्यात ठेवलेली चकली शनिवारी भरली तर तिचे पाच दिवस संपलेले असतात. दोन दिवसांचा माल एकत्र भरला तर जुना दिवस धरायचा.

'दोन महिने' असं डोक्यात मोजू नका. फेब्रुवारीत आणि जुलै-ऑगस्टमध्ये त्याचे दिवस वेगळे होतात. तळल्याची तारीख A2 मध्ये असेल तर तक्त्यात एवढं पुरतं :

```
=A2+55
```

लेबलाच्या २०२०च्या नियमांनुसार उत्पादनाची किंवा पॅकिंगची तारीख आणि 'एक्सपायरी' किंवा 'यूज बाय' तारीख छापणं बंधनकारक आहे. 'बेस्ट बिफोर' ही जादा, ऐच्छिक माहिती आहे. नुसतं 'बेस्ट बिफोर टू मंथ्स' छापलेली जुनी पाकिटं अजून वापरात दिसतात. ते पुरेसं नाही. मी दोन्हींसाठी एकच तारीख देते, ५५व्या दिवसाची, आणि दिवस-महिना-वर्ष पूर्ण लिहिते. तीन महिन्यांपर्यंत टिकणाऱ्या मालावर दिवसही लिहावाच लागतो.

शिक्का मारून झाल्यावर बोटाला तेलाचा थेंब लावून त्यावर घासा. पुसला गेला तर शाई बदला. घाण्याचा क्रमांकही तिथेच छापा आणि प्रत्येक घाण्याची दोन पाकिटं तारीख उलटेपर्यंत स्वतःकडे ठेवा. तक्रार आली की त्यातलंच एक उघडायचं. तुमच्याकडचं चांगलं आणि दुकानातलं खराब असेल तर दोष साठवणुकीचा किंवा त्या एका पाकिटाच्या सीलचा.

तेल, पाकीट, भाजणी किंवा पाकिटाचा आकार यातलं काहीही बदललं की ५५ हा आकडा रद्द. लहान पाकिटात मालाच्या मानाने प्लॅस्टिकचा पृष्ठभाग जास्त असतो, त्यामुळे तीच चकली ५० ग्रॅमच्या पाकिटात लवकर मऊ पडते. मिठाचा डबा पुन्हा काढायचा.

इथे थांबा आणि प्रयोगशाळा गाठा

वरच्या सगळ्या चाचण्या चालतात याचं कारण कोरड्या चकलीत जंतू वाढू शकत नाहीत. ती बिघडली तर नाकाला आणि जिभेला कळतं. ओल्या पदार्थांत उलटं आहे : माणसाला आजारी पाडणारे जंतू वास, चव, रंग काही न बदलता वाढू शकतात. म्हणून पुरणपोळी, ओल्या नारळाच्या वड्या, खव्याची मिठाई, पनीर, तयार भाज्या यांची तारीख चाखून काढायची नाही. तेलात बुडवलेल्या ओल्या लसणाची चटणी आणि व्हॅक्युम पॅक केलेला कोणताही ओलसर, आंबट नसलेला पदार्थ यांचं तर नावच काढू नका. तिथे हवा नसते, आणि बोटुलिझमचा जंतू बिनहवेतच वाढतो.

चकलीच्या बाबतीतही, ती खाऊन कोणी आजारी पडल्याची तक्रार आली, बुरशी दिसली, तीन महिन्यांपेक्षा लांबची तारीख छापायची असेल किंवा माल परदेशी पाठवायचा असेल तर घरचा हिशोब बाजूला ठेवा. एनएबीएल मान्यता असलेल्या आणि एफएसएसएआयच्या यादीतल्या प्रयोगशाळेत जा. नुसतं 'शेल्फ लाइफ काढून द्या' म्हणालात तर मोठं बिल येतं. चकलीसाठी नेमकं मागा : ओलावा, वॉटर ॲक्टिव्हिटी, तेलाची पेरॉक्साइड व्हॅल्यू आणि फ्री फॅटी ॲसिड, आणि जोडीला एकूण जंतू आणि यीस्ट-बुरशीची मोजणी. एक नमुना ताजा द्या, आणि एक तुम्ही छापणार त्या तारखेइतका जुना, बंद पाकिटात.